बिल मार्चचं, माल एप्रिलचा: चार ओळींच्या गोष्टीतून मॅनेजरचं डोकं कसं वाचतात

आधी ही छोटी गोष्ट वाचा आणि पुढे जायच्या आधी मनात एक उत्तर ठरवून टाका.

"संजय एका कंपनीत एरिया सेल्स मॅनेजर आहे. मार्च संपायला दोन दिवस उरलेत आणि त्याचं टार्गेट अडीच लाखांनी कमी पडतंय. एका जुन्या डीलरच्या नावाने तो अडीच लाखांचं बिल काढतो आणि तो सेल मार्चमध्ये दाखवतो. डीलरने ही ऑर्डर अजून दिलेली नाही, माल भिवंडीच्या गोडाऊनमध्येच आहे. पण तेवढा माल हा डीलर दर एप्रिलमध्ये उचलतोच."

संजयने केलं ते बरोबर की चूक?

मी अंधेरीत एका कंपनीत ट्रेनिंग बघते आणि माझी एक मैत्रीण मॅनेजमेंटमध्ये पीएचडी करतेय, विषय हाच, कामावर नैतिक पेच आला की मॅनेजर लोक निवाडा कसा करतात. तिची प्रश्नावली तयार होत होती तेव्हा मी तिच्याबरोबर बसले होते, आणि वरची गोष्ट आम्ही एवढ्या वेळा बदलली की संजय आता मला नातेवाईक वाटतो. रिसर्चवाले अशा गोष्टीला व्हिन्येट म्हणतात, आम्ही आपलं सरळ सिनॅरियो म्हणायचो.

आता एवढा खटाटोप का, सरळ विचारायचं ना? पण विचारणार काय, "तुम्ही कामात प्रामाणिक आहात का" असं विचारलं तर मुंबईतल्या कुठल्याही ऑफिसात शंभरातले शंभर हो म्हणतील. प्रत्यक्ष जाऊन बघायचं म्हटलं तर २९ मार्चच्या संध्याकाळी बिलिंगवाल्याच्या शेजारी खुर्ची टाकून तुम्हाला कोण बसू देणार आहे? म्हणून मधला मार्ग काढला. पेच खऱ्यासारखा, माणूस खोटा, आणि मॅनेजरने फक्त त्या माणसाबद्दल मत द्यायचं.

इथे बहुतेकांचा एक गैरसमज होतो आणि माझाही झाला होता. मला वाटायचं की सिनॅरियो म्हणजे परीक्षेचा पेपर, ज्याने "चूक" लिहिलं तो चांगला मॅनेजर आणि ज्याने "चालतं" लिहिलं तो गडबडीतला. तसं अजिबात नाहीये. एका माणसाच्या एका उत्तरावरून त्या माणसाबद्दल जवळजवळ काहीच कळत नाही. खरी माहिती मिळते ती गोष्टीतली एकच ओळ बदलून ती वेगळ्या लोकांना दिली आणि दोन गटांच्या उत्तरांत किती फरक पडला ते बघितलं की. म्हणजे प्रश्न "हा माणूस नीतिमान आहे का" हा नसतोच, प्रश्न असतो की निवाडा करताना लोकांचं डोकं नक्की कशाला टेकतं, बॉसच्या सांगण्याला, होणाऱ्या नुकसानाला, की "सगळेच करतात" याला.

आम्हाला दोन गोष्टी तपासायच्या होत्या. पहिली, बिल काढायची आयडिया कोणाची. एका रूपात संजय स्वतःच ठरवतो, दुसऱ्या रूपात झोनल मॅनेजरचा फोन येतो की "बघ काहीतरी, मार्चमध्ये दिसलं पाहिजे." दुसरी गोष्ट आम्ही आधी रक्कम ठेवली होती, अडीच लाख किंवा पंचवीस लाख. कागदावर छान दिसत होतं. मग भांडुपच्या एका कंपनीतल्या एका जुन्याजाणत्या सेल्सवाल्यांना वाचायला दिलं तर ते हसायलाच लागले. "मॅडम, पंचवीस लाखांचा माल दर एप्रिलला नेमाने उचलणारा डीलर असेल तर पत्ता द्या, मीच जाऊन भेटतो त्याला." आणि बरोबर होतं त्यांचं. आम्हाला वाटत होतं आपण फक्त रक्कम बदलली, पण रकमेबरोबर अख्खी गोष्टच बदलली होती, डीलर मोठा झाला, गोष्ट पटेनाशी झाली, संजयची पोस्टही वरची वाटायला लागली. उत्तरात फरक आला असता तर तो यातल्या नेमक्या कशामुळे आला हे आम्ही कधीच सांगू शकलो नसतो. सिनॅरियो लिहिण्यातली सगळ्यात नेहमीची चूक हीच, एक धागा ओढायला जातो आणि सोबत तीन धागे येतात.

म्हणून रक्कम अडीच लाखच ठेवली आणि त्याऐवजी शेवटची ओळ बदलली. एका रूपात डीलर एप्रिलमध्ये तेवढा माल उचलतोच, दुसऱ्या रूपात "मागच्या वर्षी असा पाठवलेला अर्धा माल डीलरने मे महिन्यात परत पाठवला होता." म्हणजे नुकसान होण्याची शक्यता कमी किंवा जास्त, बाकी गोष्ट तशीच्या तशी. हे हवेतून आलेलं नाही. थॉमस जोन्स नावाच्या अभ्यासकाने १९९१ मध्ये मांडलं होतं की लोकांचा निवाडा फक्त माणसाच्या स्वभावावर ठरत नाही, त्या पेचाच्या स्वतःच्या तीव्रतेवरही ठरतो, आणि तीव्रतेचे त्याने सहा भाग सांगितले. नुकसान किती मोठं, ते होण्याची शक्यता किती, किती लवकर होणार, ज्याला बसणार तो आपल्या किती जवळचा, फटका थोड्या लोकांना जोरात बसतो की खूप लोकांत विभागून जातो, आणि आजूबाजूच्यांना ते कितपत वाईट वाटतं. आम्ही त्यातली फक्त शक्यता घेतली. सहाही घेतल्या असत्या आणि प्रत्येकीची दोन दोन रूपं केली असती तर चौसष्ट गोष्टी लिहायला लागल्या असत्या, आणि तेवढे मॅनेजर आणायचे कुठून.

तर दोन बदल, प्रत्येकाची दोन रूपं, एकूण चार गोष्टी. प्रत्येक मॅनेजरला त्यातली एकच द्यायची आणि कोणाला कुठली ते चिठ्ठी टाकल्यासारखं नशिबाने ठरवायचं. आपल्या सोयीने वाटलं की घोळ होतो, ठाण्याच्या ब्रँचला एक गोष्ट आणि नरिमन पॉइंटच्या ऑफिसला दुसरी असं दिलं तर मग फरक गोष्टीमुळे आला की ऑफिसमुळे हे कोण सांगणार. आणि एकाच माणसाला चारही गोष्टी का नाही द्यायच्या? देतात काही अभ्यासक, त्याने कमी माणसांत जास्त उत्तरं मिळतात, पण आमच्या बाबतीत दुसरी गोष्ट हातात पडताच माणसाच्या लक्षात येतं, अच्छा, बॉसचा फोन हा मुद्दा आहे होय, आणि तिथून पुढे तो संजयबद्दल नाही तर आपल्याबद्दल उत्तर द्यायला लागतो, मी काय बॉसच्या तालावर नाचणारा वाटलो का, असं.

आता आकडे कसे वाचायचे ते दाखवते, हे आकडे समजावण्यापुरते मी धरलेत, कुठल्या अभ्यासातले नाहीत. समजा १२० मॅनेजर, प्रत्येक गोष्टीला ३०. उत्तर १ ते ७ मध्ये, १ म्हणजे एकदम चूक आणि ७ म्हणजे एकदम बरोबर. समजा संजयने स्वतः ठरवलं आणि डीलर माल उचलतोच, तिथे सरासरी ३.१ आली. स्वतः ठरवलं पण माल परत यायची भीती, तिथे २.०. बॉसचा फोन आणि डीलर उचलतोच, ४.०. बॉसचा फोन आणि माल परत यायची भीती, ३.८.

पहिली नजर जाते ती याच्यावर की बॉसचा फोन आला की लोक नरम पडतात. ते खरं, पण त्यात नवल काय, आपण सगळे कुठल्या ना कुठल्या बॉसखाली काम करतो. मजा दुसरीकडे आहे. फोन नसताना माल परत यायची भीती दाखवली तर मार्क ३.१ वरून २.० वर आले, म्हणजे लोकांनी नुकसानाचा नीट विचार केला. फोन असताना तीच भीती दाखवली तर ४.० चे ३.८, म्हणजे जवळपास काहीच नाही. याचा अर्थ असा निघेल की बॉसने सांगितलं म्हणून लोक फक्त माफ करत नाहीयेत, बॉसने सांगितलं की ते नुकसानाकडे बघायचंच थांबवतायत. ही गोष्ट कुठल्याही मॅनेजरला समोर बसवून "बॉसने सांगितल्यावर तुम्ही परिणामांचा विचार करता का" असं विचारून कधी कळली नसती, कारण तो अगदी मनापासून "करतो ना" म्हणाला असता आणि त्याला स्वतःलाही तेच खरं वाटलं असतं. अर्थात ०.२ आणि १.१ मधला हा फरक योगायोगाने पण आलेला असू शकतो, तीस-तीस माणसांत तसं होतं, म्हणून त्याची गणिती चाचणी लावल्याशिवाय तोंड उघडायचं नाही.

पण उत्तर मोजायचं कशाने? "बरोबर की चूक" एवढंच विचारलं की फार कमी हाताला लागतं. रायडेनबाख आणि रॉबिन या दोघांनी १९८८ आणि १९९० मध्ये यासाठी एक मोजपट्टी बनवली, ती अजून वापरतात. त्यात एकच कृती वेगवेगळ्या बाजूंनी तोलायला सांगतात. न्याय्य आहे का, नैतिकदृष्ट्या बरोबर आहे का, घरच्यांना पटेल का, ही एक बाजू. आपल्या संस्कृतीत, परंपरेत हे स्वीकारलं जातं का, ही दुसरी. आणि कुठला न बोललेला शब्द, न लिहिलेला करार मोडला जातोय का, ही तिसरी. प्रत्येक प्रश्नाला सात घरांची पट्टी.

ही पट्टी मराठीत आणताना जी गंमत झाली ती मला अख्ख्या प्रोजेक्टमध्ये सगळ्यात आवडली. "नैतिक" हा शब्द टाकला की लोक जरा सावरून बसायचे, एकाने तर विचारलं "मॅडम, यात बायकांचं काही आहे का?" आपल्याकडे रोजच्या बोलण्यात अनैतिक म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर अनैतिक संबंधच येतात, बिलं आणि गोडाऊन येत नाही. मग आम्ही "बरोबर वाटतं का" केलं आणि त्याच्या जोडीला "चालतं का" असं पण ठेवून बघितलं, आणि तिथे दरवाजाच उघडला. एकच माणूस, तीच गोष्ट, "बरोबर आहे का" ला दोन मार्क आणि "चालतं का" ला सहा. विचारलं तर म्हणाले, "बरोबर नाहीच आहे, पण मार्च एंडला चालतं." मराठी माणसाच्या डोक्यात हे दोन वेगळे कप्पे आहेत आणि भाषेने ते आधीच वेगळे करून ठेवलेत, त्या दोन अमेरिकन प्राध्यापकांची पहिली आणि दुसरी बाजू साधारण हीच. भाषांतर करणाऱ्याने दोन्हीकडे "योग्य" लिहून टाकलं असतं तर हे सगळं मिसळून गेलं असतं. त्यामुळे एकाने मराठी करायचं आणि मूळ न बघितलेल्या दुसऱ्याने ते परत इंग्रजीत करायचं आणि दोन्ही ताडून बघायचं ही पद्धत असते ती तर करावीच, पण ती पुरेशी नाही, चार मॅनेजरांना समोर बसवून प्रश्न मोठ्याने वाचायला लावायचा आणि वाचताना ते कुठे अडखळतात ते बघायचं, त्याला पर्याय नाही.

संजयचं आडनाव का नाही, हे पण सांगते. पहिल्या मसुद्यात होतं. मग लक्षात आलं की आपल्याकडे आडनाव लिहिलं की जात, धर्म, गाव सगळं आपोआप येऊन बसतं, आणि वाचणारा बिलाबद्दल कमी आणि "ही लोकं असतातच अशी" याबद्दल जास्त निवाडा करतो, स्वतःला न कळता. ते तपासायचंच असेल तर मुद्दाम आडनावं बदलून तपासा, तो वेगळा आणि चांगला अभ्यास होईल, पण चुकून येऊ देऊ नका. नुसत्या नावातूनही थोडं कळतंच, पण सगळ्या गोष्टींत तेच नाव असलं की निदान गोष्टींमधल्या फरकावर त्याचा परिणाम फारसा होत नाही.

अजून एक खड्डा, ज्यात आम्ही पडलो. "डीलरने ऑर्डर अजून दिलेली नाही" ही ओळ आधी नव्हती. मग अकाउंट्सवाले वाद घालायला लागले की जीएसटीमध्ये माल हलवायच्या आधी बिल काढता येतं, त्यात चूक काय? त्यांचं म्हणणं खरं आहे, बिल आधी निघणं हा गुन्हा नाही, चूक आहे ती डीलरने मागितलेला नसताना आणि माल आपल्याच गोडाऊनमध्ये पडलेला असताना तो सेल मार्चमध्ये दाखवण्यात. पण आमच्या गोष्टीत हे मोघम होतं आणि मोघम जागा दिसली की प्रत्येक माणूस ती आपापल्या मनाने भरतो. सेल्सवाला मनात धरतो की डीलरशी फोनवर बोलणं झालेलंच असणार, ऑडिटवाला धरतो की झालेलं नाही, आणि मग दोघं दोन वेगळ्या गोष्टींवर मत देतात आणि आपण म्हणतो बघा सेल्सवाले किती ढिले असतात.

मग येतो सगळ्यात चिवट प्रश्न, चांगलं दिसायचा मोह. रेमंड बॉमहार्टने १९६१ मध्ये हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूच्या वाचकांचा एक सर्व्हे केला होता, त्यात दिसलं की लोक स्वतःबद्दल जे सांगतात ते, "सर्वसाधारण बिझनेसवाला काय करेल" याबद्दल सांगतात त्यापेक्षा बरंच स्वच्छ असतं. तेव्हापासून लोक ही युक्ती वापरतात, "तुम्ही काय कराल" च्या जोडीला "तुमच्या पोस्टवरचा दुसरा कोणी काय करेल" असं विचारायचं. कल्पना अशी की दुसऱ्याच्या नावावर माणूस आपलंच बोलून जातो. मला हे अर्धंच पटतं. काही वेळा खरंच स्वतःचं बोलतो, आणि काही वेळा बाजूच्या केबिनमधल्या ज्याच्यावर राग आहे त्याच्याबद्दल बोलतो, आणि आकड्यातून हे दोन वेगळे करता येत नाहीत. त्यामुळे दोन्ही विचारावं, पण दुसरं उत्तर म्हणजे खरं उत्तर असं धरून चालू नये.

मोह किती आहे ते मोजायचाही एक मार्ग आहे. क्राउन आणि मार्लो यांनी १९६० मध्ये ३३ वाक्यांची यादी बनवली, "मला कधी कोणाचा मनापासून तिटकारा आलेला नाही" अशा टाइपची वाक्यं. रोज विरारची लोकल पकडणारा माणूस याला "खरं" म्हणत असेल तर समजायचं. अशा बऱ्याच वाक्यांना जो खरं म्हणतो त्याची बाकी उत्तरंही जरा साखर लावलेली असू शकतात.

पण बऱ्याचदा मोह प्रश्नात नसतोच, फॉर्म कुठून आला त्यात असतो. एका कंपनीत आमची लिंक एचआरच्या मेलवरून गेली. आम्हाला सोयीचं वाटलं, उत्तरंही भराभर आली, आणि उघडून बघतो तर जवळपास सगळी १. चारही गोष्टींना १. बॉसचा फोन असो नसो, १. ओळखायची खूण हीच, उत्तरं पट्टीच्या एका टोकाला गर्दी करून बसली की गोष्टीगोष्टीत फरक दिसायला जागाच उरत नाही, आणि तेव्हा लोक संजयचा निवाडा करत नसतात, एचआरला हजेरी देत असतात. तो सगळा डेटा टाकून द्यावा लागला. दुसऱ्या ठिकाणी कागदी फॉर्म दिले, नाव नाही, बंद पाकीट, तर ब्रेकमध्ये खालच्या वडापावच्या गाडीवर लोक एकमेकांना विचारत होते, "तुझ्यात झोनलचा फोन आहे का? माझ्यात नाहीये." झालं, गुपित फुटलं. तेव्हापासून एका मजल्यावरच्या सगळ्यांना एकाच वेळी, ब्रेकच्या आधी, असं करायला लागलो.

एवढं सगळं नीट जमलं तरी एक मर्यादा राहतेच आणि ती मला जास्त छळते. जेम्स रेस्टने १९८६ मध्ये म्हटलं होतं की नैतिक वागण्याच्या मागे चार गोष्टी असतात, इथे काही नैतिक प्रश्न आहे हे दिसणं, मग काय बरोबर ते ठरवणं, मग बाकीच्या फायद्यांपेक्षा त्याला वर ठेवणं, आणि मग ते निभावून नेणं. सिनॅरियो फक्त दुसरी मोजतो. शेवटच्या दोन तर त्याच्या हातातच नाहीत, संजयबद्दल कागदावर २ मार्क देणारा माणूस ३० मार्चला स्वतःच बिल काढणार नाही याची काही गॅरंटी नाही. आणि पहिली गोष्ट आपण त्याला फुकट देऊन टाकतो, प्रश्न समोर ठेवला की त्याला कळलंच ना की इथे काहीतरी पेच आहे. खऱ्या कामात कोणी घंटी वाजवून सांगत नाही.

म्हणून मैत्रिणीने शेवटी अजून एक गोष्ट लिहिली, पानभर. त्यात संजयचा अख्खा दिवस आहे, ड्रायव्हर आला नाही, एका दुकानदाराचा चेक बाउन्स झाला, टीममधली एक मुलगी राजीनाम्याचं बोलतेय, आणि मधेच कुठेतरी एका ओळीत ते बिल. शेवटी बरोबर-चूक काही विचारलेलं नाही, एवढंच की "संजयच्या जागी तुम्ही असता तर आज कुठल्या गोष्टींकडे लक्ष दिलं असतं, सुचतील तेवढ्या लिहा." भांडुपचे तेच जुनेजाणते साहेब परत मदतीला आले. त्यांनी सात मुद्दे लिहिले, ड्रायव्हर पहिला, चेक दुसरा, मुलीचा पगार वाढवता येईल का ते पण लिहिलं. बिल सातव्या नंबरवर होतं. पुढे लिहिलं होतं, "बिलावर डीलरचा पत्ता बरोबर आहे ना ते बघणे."